पृच्छकाची वही : काय लिहावे, काय गाळावे

दूरस्थ पृच्छकाशी व्हिडिओवरून बोलून व शुल्क घेऊन कुंडली पाहण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. पूर्वी पृच्छक समोर बसे आणि बोलणे संपताच उठून जाई. आता मात्र पत्रिकेचे छायाचित्र, निरोप आणि शुल्काची नोंद ही ज्योतिष्याच्या फोनमध्ये मागे राहतात. म्हणून काय ठेवावे, याचा विचार त्याच दिवशी व्हावा.

एक उदाहरण घेऊ. इंदूरहून एक माता कन्येच्या विवाहाविषयी विचारते. ओघात ती पतीचे आजारपण, दिराशी चाललेला वाटणीचा तंटा आणि कन्येचा मोडलेला साखरपुडा हेही सांगून जाते. येथे पृच्छक माता असून जातक कन्या आहे, आणि ती तेथे उपस्थित नाही.

नोंदीची कसोटी एकच : पुढील खेपेस गणित व विधान पडताळण्यास जे लागेल, तेवढेच लिहावे. त्याप्रमाणे नोंद अशी होईल : ‘क्र. 14. जन्मतारीख, वेळ, स्थळ. वेळ आईच्या आठवणीची. दाखला पाहिला नाही. अयनांश लाहिरी. प्रश्न विवाहकालाचा. काय सांगितले, ते दोन ओळींत.’ वेळ कोठून मिळाली हे लिहिणे अगत्याचे आहे. कारण लग्नराशी सुमारे दोन तासांनी पालटते, तर लग्नाचा नवमांश सुमारे तेरा मिनिटांतच. आठवणीतल्या ‘साडेसात’वर नवमांशाचे विधान उभे राहत नाही. आजार, तंटा व साखरपुडा गाळावेत. त्यांवाचून गणितास बाध येत नाही, आणि ती गुपिते अनुपस्थितांची आहेत.

नावाऐवजी क्रमांक लिहून नावांची यादी निराळी ठेवावी. तथापि एवढ्याने भागत नाही. लहान गावात जन्मतारीख, वेळ व स्थळ यांवरूनच माणूस ओळखू येतो. म्हणून वही व यादी दोन्ही कुलपात असाव्यात.

फोनची परीक्षा सोपी आहे. छायाचित्रांचा संग्रह उघडावा. पृच्छकाची पत्रिका घरच्या चित्रांमध्ये दिसली, तर ती फोन हाती घेणाऱ्या कोणासही दिसेल. त्यासाठी व्हॉट्सॲपमधील Media visibility बंद करावे आणि आधी आलेली चित्रे पुसावीत. संभाषणाची प्रत अन्यत्र साठवली जात असेल, तर End-to-end encrypted backup सुरू करावे. मात्र त्याचा परवलीचा शब्द हरवल्यास ती प्रत परत मिळत नाही.

शुल्क पाठविताना ‘मुलीच्या लग्नाबद्दल’ असे न लिहिता केवळ ‘शुल्क’ लिहावे, असे पृच्छकास आधीच सांगावे, कारण तो मजकूर बँकेच्या उताऱ्यात उमटू शकतो. हिशेबासाठी रक्कम व दिनांक पुरेत. प्रश्नाचा तेथे संबंध नाही. नोंद किती काळ ठेवणार, हेही बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावे आणि ती मुदत सरताच पान फाडून टाकावे.