सगळ्या दगडांची धूळ सारखी नसते

प्रश्न : आमच्या इमारतीत एका घरात ओट्याचे काम चालू आहे. कारागीर खाली गेटजवळ बसून कटरने ग्रॅनाइट कापतो आणि पांढरा धुरळा दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. शेजारचे म्हणतात, या धुळीने सिलिकोसिस होतो. पण माझ्या मामांनी चांदिवलीच्या खाणीत पंचवीस वर्षे दगड फोडला आणि सत्तरीतही ते जिना चढून येतात. मग दगडाची धूळ घातक की नाही? शिवाय तोंडाला रुमाल बांधला आणि संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की पुरते, हे खरे का?
– एक वाचक, कांजूरमार्ग (पश्चिम)

उत्तर : तुमचे शेजारीही बरोबर आहेत आणि मामांची तब्येतही खोटी नाही. गोंधळ होतो तो ‘दगड’ या एकाच नावाखाली आपण फार वेगवेगळ्या वस्तू घालतो म्हणून. फुप्फुसाला बाधते ती दगडातली गारगोटी, म्हणजे स्फटिकरूपातली मोकळी सिलिका किंवा क्वार्ट्झ. ती ज्या दगडात जास्त, त्याची धूळ जास्त घातक.

चांदिवली-पवईकडच्या खाणींतला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. रासायनिक पृथक्करण केले तर त्यातही जवळजवळ निम्मी सिलिका सापडते, पण ती बहुतेक सगळी इतर खनिजांत बांधलेली असते. मोकळा क्वार्ट्झ त्यात फारच थोडा. ग्रॅनाइटमध्ये मात्र तो साधारण वीस ते चाळीस टक्के असतो आणि वालुकाश्मात त्याहून बराच जास्त. कणकवली तालुक्यात कासार्ड्याला जी सिलिका वाळू काढतात, ती तर जवळपास सगळी क्वार्ट्झच. कडप्पा आणि संगमरवर मुख्यतः चुन्याच्या जातीचे, म्हणून त्या मानाने सौम्य.

मामांच्या बाजूने आणखी दोन गोष्टी होत्या. ते उघड्यावर काम करत होते आणि छिन्नी-हातोड्याने फुटलेल्या दगडाचे कण बरेचसे जाड असतात. मिनिटाला हजारो फेरे घेणारे कटरचे पाते तोच दगड अतिशय बारीक दळते. तरी मामांवरून खाणीला निर्दोष ठरवू नका. बेसॉल्टच्या धुळीनेही जुनाट खोकला आणि दमा मागे लागतो, आणि त्या दगडाच्या पोकळ्यांत मधूनमधून गारगोटी भरलेली असतेच. शिवाय ज्यांना धाप लागू लागली, ते काम सोडून केव्हाच गावी गेले. सत्तरीत आपल्याला भेटतात ते टिकून राहिलेले.

आता ही धूळ आत जाऊन करते काय, ते पाहू. कापताना जो धुरळा डोळ्यांना दिसतो, त्यातला मोठा भाग नाकात आणि घशात अडकतो व शेंबडातून, बेडक्यातून बाहेर पडतो. खरे नुकसान करतात ते साधारण चार-पाच मायक्रॉनच्या आतले कण. ते सुटे डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणून ‘धुरळा खाली बसला, आता काही नाही’ ही समजूत चुकीची आहे.

वायुकोशात भक्षक पेशी असतात. आत आलेला कण गिळून पचवणे हे त्यांचे काम. क्वार्ट्झचा कण त्यांना पचत नाही. उलट त्याच्या पृष्ठभागाचा पेशीच्या आतल्या पाचक पिशवीशी संबंध आला की ती पिशवी फुटते आणि पेशी मरते. मरताना ती दाह पेटवणारी द्रव्ये सोडते आणि कण पुन्हा मोकळा होतो. दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. दगड नुकताच फुटलेला असेल तर कणाचा पृष्ठभाग अधिक तिखट असतो, त्यामुळे पात्यावरून ताजी उडालेली धूळ जास्त वाईट.

हा दाह वर्षानुवर्षे चालू राहिला की शरीर त्या जागी व्रण भरतात तसे घट्ट तंतू विणू लागते. त्यांच्या बारीक गाठी होतात, पुढे त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि फुप्फुस ताठर होते. ताठर फुप्फुस नीट फुगत नाही आणि प्राणवायू रक्तात नीट उतरत नाही. सुरुवातीला चढावर धाप लागते, मग चालताना, शेवटी बसल्या जागी. सिलिकोसिस म्हणतात तो हा. झालेल्या गाठी विरघळवणारे औषध नाही. आणि काम सोडले तरी कण आतच असल्यामुळे आजार पुढे सरकत राहू शकतो.

किती वर्षांत होतो? माफक धुळीत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळाने. धूळ फार असेल तर पाच ते दहा वर्षांत, आणि बंद जागेत प्रचंड धूळ असेल तर काही महिन्यांतसुद्धा. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला शाळेच्या पाटीवरच्या पेन्सिली कापण्याचा धंदा होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने ऐंशीच्या दशकात तिथल्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस दिसला. पेन्सिलीचा दगड मऊ असतो, पण धोका ठरतो तो दगडाच्या कठीणपणावर नाही. त्यातला क्वार्ट्झ आणि कोरडी करवत यांनी ते घडवले.

इमारतीतल्या लोकांना घाबरण्याचे कारण नाही. चार-आठ दिवसांच्या धुळीने सिलिकोसिस होत नाही, खिडक्या लावून घ्या म्हणजे झाले. प्रश्न त्या कारागिराचा आहे, कारण तुमच्याकडचे काम संपले की तो उद्या भांडुपला आणि परवा मुलुंडला तेच करणार.

त्याला किती धूळ चालेल, याचे उत्तर २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या एका साध्या सूत्रात मिळते. बारीक, आतपर्यंत जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ किती टक्के आहे ते मोजायचे, त्यात २ मिळवायचे आणि त्या बेरजेने १० ला भागायचे. उत्तर येते ते एका घनमीटर हवेत, आठ तासांच्या सरासरीने, किती मिलिग्रॅम धूळ चालेल याचे. क्वार्ट्झ १ टक्का असेल तर मर्यादा ३.३ मिलिग्रॅम. ग्रॅनाइटची धूळ ३० टक्क्यांची धरली तर १० भागिले ३२, म्हणजे ०.३१. हल्ली ‘क्वार्ट्झ’ या नावानेच जे कृत्रिम दगडाचे ओटे विकतात, त्यांत तो ९० टक्क्यांपर्यंत असू शकतो. तिथे मर्यादा येते ०.११. त्या दगडाने तरुण कारागीर आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

०.३१ म्हणजे केवढे? अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांत सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाला तीन मिलिग्रॅम धूळ, जेवणावर घेतलेल्या चिमूटभर मिठाच्या शंभराव्या भागाइतकी. कोरडा ग्रॅनाइट कापताना ही मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली जाते.

आता रुमाल आणि गूळ. रुमालाची वीण या कणांपुढे खूप मोकळी असते, आणि श्वास कडेच्या फटीतूनही आत शिरतो. गुळाचा खडा जातो अन्ननलिकेतून पोटात, कण बसलेले असतात फुप्फुसात. उंदरांवरच्या एका भारतीय प्रयोगात गुळाचा थोडा फायदा दिसल्याचे प्रसिद्ध झाले होते, पण त्यावर कामगाराचे संरक्षण अवलंबून ठेवता येत नाही. गूळ आवडत असेल तर जरूर खावा, फक्त औषध समजून नको.

मग करायचे काय? धूळ उडाल्यावर अडवण्यापेक्षा ती उडूच न देणे सोपे आणि स्वस्त पडते. कापताना पाते जिथे दगडात शिरते, नेमके तिथे पाण्याची बारीक धार सोडायची. हातातल्या कटरला मिनिटाला अर्धा लिटर पाणी पुरते आणि बहुतेक धूळ तिथेच चिखल होऊन खाली पडते. दगडावर आधी एक तांब्या ओतून मग कोरडेच कापत राहिल्याने मात्र काही साधत नाही. विजेच्या यंत्राजवळ पाणी म्हणजे शॉकचा धोका, म्हणून पाण्यासाठीच बनवलेले यंत्र आणि लाइनवर ईएलसीबी हवाच. पाणी शक्य नसेल तर पात्याला झाकण लावून त्याला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडतात. काम झाल्यावर चिखल ओला असतानाच उचलायचा. वाळला आणि झाडूने लोटला की तीच धूळ पुन्हा हवेत येते.

खाणीतही तत्त्व हेच. ड्रिलच्या दांड्यातून पाणी सोडून भोक पाडणे, खडी क्रशरचे तोंड आणि पट्टे झाकणे, जिथे दगड पडतो तिथे फवारे मारणे. मास्क सगळ्यात शेवटी येतो. तो एन-९५ दर्जाचा हवा आणि चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. दाढी असेल तर कडेने हवा गळते. पाण्याची सोय न करता नुसते मास्क वाटणारा ठेकेदार आपली जबाबदारी कामगाराच्या नाकावर ढकलत असतो.

एक सूचना डॉक्टरांकडे जाणाऱ्यांसाठी. खोकला, वजन घटणे आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, हे चित्र क्षयाचेही असते आणि सिलिकोसिसचेही. मुंबईत क्षय इतका आढळतो की पहिला संशय त्याचाच येतो. थुंकीत जंतू सापडत नाहीत, दोन्ही बाजूंना सारखेच बारीक गोल डाग आहेत आणि सहा महिन्यांच्या औषधांनंतरही ते तसेच आहेत, तर सिलिकोसिसचा विचार व्हायला हवा. उलटही खरे आहे. भक्षक पेशी निकामी झाल्याने सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याची शक्यता कित्येक पट वाढते, म्हणून दोन्ही तपासण्या कराव्यात. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ‘मी दगड कापतो, इतकी वर्षे’ हे रुग्णाने आपणहून सांगावे.

सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे आणि भरपाईसाठी व्यवसायजन्य आजारांच्या यादीतही आहे. अडचण येते ती पुराव्याची. रोजंदारीवर काम करणाऱ्याने हजेरीचे पान, ठेकेदाराची चिठ्ठी, पगाराची नोंद यांचे फोटो जपून ठेवावेत. कामाच्या जागची हवा मोजण्याचे शास्त्र जाणणारी केंद्रीय श्रम संस्था आपल्या जवळच, शीवला आहे. कारखानदारांनी तिच्याकडे जरूर चौकशी करावी.

तुमच्यापुरते उत्तर सोपे आहे. ओट्याचे माप आधी देऊन दगड शक्यतो दुकानातूनच ओल्या यंत्रावर कापून आणायला सांगा. जागेवर जेवढे कापावे लागेल, त्यासाठी सोसायटीने नळ आणि पाइप द्यावा आणि कोरडे कापायला गेटवर मनाई करावी.