ऊसतोडीच्या मुलखात गिऱ्हाइकांचे गुणांकन

गिऱ्हाइकांच्या यादीतून कोणाला बोलवायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येकाची शेवटची खरेदी कधी झाली, ठरावीक काळात तो किती वेळा आला आणि त्याने एकूण किती पैसे खर्च केले, या तीन गोष्टींना गुण देण्याची पद्धत टपालाने माल विकणाऱ्या अमेरिकन कंपन्यांमध्ये रुळली. आर्थर ह्यूज यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात तिची सोपी मांडणी केली. या मांडणीत यादी प्रत्येक निकषावर उतरत्या क्रमाने लावून तिचे पाच समान भाग केले जातात आणि वरच्या भागाला ५, तर तळाच्या भागाला १ गुण मिळतो, त्यामुळे ५५५ म्हणजे अलीकडे, वारंवार आणि भरपूर खरेदी करणारे गिऱ्हाईक, तर १११ म्हणजे जवळजवळ सुटलेले गिऱ्हाईक असा अर्थ लावला जातो. हा अर्थ बीड जिल्ह्यात, विशेषतः धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, जसाच्या तसा लावला तर फसगत होते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा पहिल्याच निकषात असते.

या पट्ट्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर, साधारण पाडव्याच्या आगेमागे, परततात. तालुक्याच्या गावातील कापड दुकानाच्या दृष्टीने अशा कुटुंबाच्या खरेदीचे दोनच मोसम असतात : उचल हातात पडल्यापासून निघेपर्यंतचा एक, आणि परतल्यानंतर लग्नसराईचा दुसरा. मधले चार-पाच महिने ते कुटुंब दुकानात येत नाही, कारण ते गावातच नसते. परंतु वहीतल्या किंवा संगणकातल्या तारखेला ही गोष्ट ठाऊक नसते.

उदाहरणादाखल, केवळ समजुतीसाठी घेतलेल्या आकड्यांनी, १ मार्च २०२५ रोजी केलेले गुणांकन पाहता येईल. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला आणि अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती, आणि दुकानदाराला लग्नसराईसाठी निमंत्रणपत्रिका पाठवायच्या होत्या. दिवसांचा हिशेब `=DATE(2025,3,1)-C2` अशा सूत्राने, म्हणजे ठरवलेल्या तारखेतून C रकान्यातील शेवटच्या खरेदीची तारीख वजा करून केला. तारखेच्या जागी `TODAY()` टाकले असते तर फाईल उघडेल त्या दिवसागणिक गुण बदलले असते आणि कोणती यादी कोणत्या गुणांवर ठरली होती हे पुढे तपासता आले नसते. ऊसतोडीला गेलेल्या एका कुटुंबाची शेवटची खरेदी ५ नोव्हेंबर २०२४ ची, म्हणजे ११६ दिवसांपूर्वीची निघाली, तर गावातल्याच एका नोकरदार कुटुंबाची १० जानेवारीची, म्हणजे ५० दिवसांपूर्वीची. पाच भागांच्या साच्यात पहिल्याला २ आणि दुसऱ्याला ४ गुण पडले, आणि ३ पेक्षा कमी गुणांची नावे वगळण्याचा नियम असल्याने पहिले कुटुंब यादीबाहेर गेले. वास्तविक, पहिल्या कुटुंबाने मागील तीन वर्षांत दोन्हीपैकी एकही मोसम चुकवलेला नव्हता, आणि दर महिन्याला काही ना काही नेणारे नोकरदार कुटुंब मात्र ५० दिवस फिरकले नव्हते. काळजी करावी असे गिऱ्हाईक दुसरे होते.

म्हणून येथे ताजेपणा दिवसांत न मोजता चुकलेल्या मोसमांत मोजणे योग्य ठरते : मागचा मोसम गाठला असेल तर ५, एक चुकला असेल तर ३, दोन किंवा अधिक चुकले असतील तर १. वर्षभर गावात राहणाऱ्यांसाठी हीच मोजणी त्यांच्या नेहमीच्या दोन खरेद्यांमधील अंतराशी तुलना करून करावी. मोसमाच्या सीमा मात्र दिनदर्शिकेवर कायमच्या आखता येत नाहीत, कारण गाळप केव्हा सुरू करायचे हे राज्य सरकार दरवर्षी ठरवते. २०२३-२४ चा हंगाम १ नोव्हेंबरला, तर २०२४-२५ चा १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले होते. अशी तारीख पंधरा दिवस सरकली की टोळ्यांचे निघणे आणि त्याआधीची खरेदीही पुढे सरकू शकते, आणि मागच्या वर्षीच्या तारखांनी आखलेला मोसम निष्ठावान गिऱ्हाइकाला गैरहजर ठरवतो.

उरलेल्या दोन निकषांतही अशीच विकृती शिरते, पण ती ओळखणे सोपे आहे. बहुतेक कुटुंबे वर्षातून दोनदाच येत असतील तर वारंवारतेचे पाच समान भाग पडूच शकत नाहीत. संगणक ओढूनताणून ते पाडतो आणि दोन-दोन खरेद्यांच्या दोन कुटुंबांना केवळ यादीतील क्रमामुळे ३ आणि ४ असे वेगळे गुण देतो. समान आकड्याला समान गुण मिळाले आहेत का, हे तपासले की ही चूक लगेच सापडते. खर्चाच्या रकान्यात मुकादमाच्या नावावरचे भले मोठे बिल दिसते ते पुष्कळदा टोळीतील अनेक कोयत्यांचे, म्हणजे जोडप्यांचे मिळून असते, आणि उधारीवर नेलेला माल वसूल होण्याआधीच खर्च म्हणून मोजला जातो. खर्चाचे गुण जमा झालेल्या रकमेवर द्यावेत आणि टोळीच्या बिलाचे खाते वेगळे ठेवावे.

खरी कसोटी निकाल वाचताना लागते. वगळलेली माणसे आली नाहीत म्हणून वगळणे बरोबर होते, असा निष्कर्ष काढला जातो; पण त्यांना बोलावलेच नव्हते, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. यासाठी प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून काही नावे मुद्दाम न बोलावता ठेवावी लागतात. समजा, एका निमंत्रणाला छपाई, वाटप आणि फोन धरून १२ रुपये लागतात आणि एका विक्रीमागे सरासरी २४० रुपये निव्वळ हाती उरतात. तर शंभर निमंत्रणांमागे पाच विक्र्या वाढल्या तरच खर्च भरून निघतो. वरच्या गटात ३०० जणांना बोलावल्यावर ६० आले, म्हणजे शेकडा २०. न बोलावलेल्या १०० पैकीही १८ आले. ऊसतोड कुटुंबांच्या गटात बोलावलेल्या ३०० पैकी ३६, म्हणजे शेकडा १२, आणि न बोलावलेल्या १०० पैकी केवळ ४ आले. नुसती हजेरी पाहिली तर पहिला गट सरस वाटतो, पण निमंत्रणामुळे झालेली वाढ पहिल्यात शेकडा २ आणि दुसऱ्यात शेकडा ८ आहे. शंभर निमंत्रणांच्या १२०० रुपयांवर पहिल्या गटातून ४८० रुपये परत येतात, दुसऱ्यातून १९२०.

एवढ्या लहान संख्येत २० आणि १८ मधला फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, त्यामुळे वरच्या गटावर निमंत्रणाचा परिणाम होतच नाही असे म्हणता येत नाही, फक्त त्याचा पुरावा मिळाला नाही इतकेच म्हणता येते. १२ आणि ४ मधला फरक मात्र निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता बरीच कमी आहे. मोजणी कधी थांबवायची हेही निमंत्रणे वाटण्याआधीच ठरवावे लागते. पाडव्यानंतर पंधरा दिवसांत हिशेब बंद केला तर उशिरा परतणाऱ्या टोळ्या दोन्ही बाजूंनी शून्य दिसतील आणि तोच गट पुन्हा वगळण्याच्या यादीत जाईल. लग्नसराईची खरेदी धरायची असेल तर मे अखेरपर्यंत वही उघडी ठेवावी, आणि परगावी असताना फोन न लागलेल्या कुटुंबांसमोर ‘नकार’ न लिहिता ‘संपर्क नाही’ असा वेगळा शेरा द्यावा.