कोट आधी खांद्यावर बघा

कोट खांद्यावर बसत नसताना ‘अल्टर करून देतो, साहेब’ हे वाक्य कुठल्याही दुकानात कानावर पडलं, की तिथून सरळ बाहेर पडा. आतेभावाच्या लग्नासाठी मी आयुष्यातला पहिला सूट घेतला, तो याच वाक्यावर विसंबून. साडेआठ हजार मोजले, आणि लग्नात तो अंगावर दुसऱ्याचा असल्यासारखा दिसला.

माझी छाती ४० इंच. दुकानात मला ४४ नंबरचा कोट घालायला दिला. सैल वाटतोय म्हणालो, तर सेल्समन म्हणाला, “सूट असाच असतो साहेब, बाजूनं दाबून देतो, एकदम फिटिंग येईल.” मग तो माझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. आरशात कोट खरंच अंगाबरोबर बसलेला दिसला. ४० नंबर त्या रंगात शिल्लकच नव्हता, हे त्याने मला सांगितलं नाही. ते मला पैसे देऊन झाल्यावर काउंटरवरच्या दोघांच्या बोलण्यातून कळलं.

लग्नाला दोन दिवस असताना कोट हातात आला. बाजू दाबल्या होत्या, पण काखेखाली चुण्या पडत होत्या आणि मानेमागे कॉलर शर्टापासून सुटून उभी राहत होती. मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीजवळ एक जुने टेलर आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कोट घालायला लावला, मला भिंतीला खांदा लावून आडवं उभं केलं आणि विचारलं, “भिंतीला आधी काय लागलं, कोट का दंड?” कोटाचा खांदा आधी टेकला होता, माझा दंड भिंतीपासून लांब होता. मग त्यांनी मागून कापड मुठीत धरलं आणि आरशात बघायला सांगितलं. पुन्हा तोच झकास बसलेला कोट! मूठ सोडली, की झोळ. “दुकानात मागं कोण हुबारलं हुतं, भावा?” त्यांनी विचारलं.

त्या क्षणी डोक्यात तिडीक गेली. तो सेल्समन काय माझी कॉलर सरळ करत नव्हता.

टेलरकाकांनी मग नीट समजावून सांगितलं. रेडिमेड कोटाचा नंबर छातीवर ठरतो, पण नंबर वाढला की खांदाही रुंद होतो. छाती बाजूच्या शिवणीतून इंच-दीड इंच कमी करता येते. माझ्या कोटात चार इंच ओढले होते, त्यामुळे समोरचे खिसे कडेला सरकले होते. खांदा कमी करायचा तर बाही उसवायची, आतलं पॅडिंग काढायचं, खांदा कापून मुंढा नव्याने बसवायचा. खर्च जवळजवळ नव्या कोटाच्या शिलाईएवढा, शिवाय बसेलच याची खात्री नाही. दोन दिवसांत तर नाहीच.

परत दुकानात गेलो, तर “अल्टर केलेला माल परत होत नाही” एवढंच उत्तर. आधी साहेब, साहेब करणाऱ्या माणसाने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

म्हणून सांगतो. कोट घातल्यावर सेल्समनला आरशाच्या बाजूला उभं करा, पाठीमागे कुणी नको. बाहीची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथेच आली पाहिजे. भिंतीची परीक्षा दुकानातच करा, लाजू नका. मधलं बटण लावून बघा. बटणापासून फुलीसारख्या चुण्या निघाल्या तर कोट घट्ट आहे. हात खाली सोडल्यावर शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. बाही लांब असेल तर चिंता नको, ती साधारण इंचभर आखूड होते. फक्त बाहीची काजं खरी कापलेली नसावीत. पॅन्ट आतून उलटी करून मागच्या शिवणीत माया किती आहे ते बघा. इंचभर माया असेल तर कंबर वाढवता येते, नसेल तर कुणीच काही करू शकत नाही.

बिल घ्या आणि काय अल्टर करायचं ते त्यावर लिहून घ्या. घरातलं कुणीतरी सोबत असावं. घाई करू नका.

तालमीत अंग कमावलेल्यांनी तर रेडिमेडच्या नादी लागूच नये. तयार सुटात कंबर छातीपेक्षा साधारण सहा इंच कमी धरलेली असते. तुमची दहा इंच कमी असेल तर कोट बसला तरी पॅन्ट बसणार नाही. कोट आणि पॅन्ट वेगवेगळ्या नंबरचे मिळत असतील तरच घ्या, नाहीतर महिनाभर आधी टेलर गाठा आणि कच्च्या शिलाईवर एक ट्रायल मागा. ट्रायल न देणाऱ्याकडे कापड टाकू नका.

छाती, बाही, कंबर नंतर सावरता येईल. खांदा बसत नसेल तर तो कोट कितीही स्वस्त मिळाला, तरी तिथेच ठेवून या.