नेमणूकपत्र आणि पगारपत्रक शेजारी ठेवा

विनाअनुदानित शाळेत पगार बँकेत वेळेवर जमा होतो, तेव्हा तो नेमणूकपत्राप्रमाणेच आहे असं आपण धरून चालतो. माझ्या बाबतीत तसं नव्हतं, आणि फरक मूळ वेतनात नसल्यामुळे तो चटकन दिसतही नव्हता.

तालुक्याच्या गावातल्या एका प्राथमिक शाळेत मी जून २०२३ मध्ये रुजू झाले. पत्रात वेतनश्रेणी एस-१०, म्हणजे २९२००–९२३००, असं लिहिलं होतं. पुढे वाक्य होतं : ‘महागाई भत्ता व घरभाडे भत्ता राज्य शासनाच्या वेळोवेळी लागू असलेल्या दराने.’ साऱ्या हिशेबाची किल्ली याच वाक्यात आहे. तिथे ठरावीक रक्कम लिहिलेली असती, किंवा ‘एकत्रित मानधन’ असं असतं, तर पत्राच्या आधारे वाढीव दर मागता आला नसता. तुमच्या पत्रात ‘शिक्षणसेवक’ असेल, तर पहिली तीन वर्षं ठोक मानधनाची आणि श्रेणी त्यानंतरची. तिथे श्रेणी सुरू होण्याची तारीख आधी पाहा.

जून २०२४ चं पगारपत्रक घेऊन मी बसले. मूळ वेतन २९२०० बरोबर होतं, कारण पहिली वेतनवाढ अजून व्हायची होती. महागाई भत्ता मात्र १२२६४ होता. त्याला मूळ वेतनाने भागलं की ४२ टक्के येतात, म्हणजे मी रुजू झाले तेव्हाचा दर. जानेवारी २०२४ पासून तो ५० टक्के झाला होता, म्हणून १४६०० हवे होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की घरभाडे भत्ताही वाढतो : आमच्यासारख्या लहान गावात ९ वरून १० टक्के. मिळत होते २६२८, हवे होते २९२०. दोन्ही मिळून महिन्याला २६२८ रुपये कमी पडत होते. वाहतूक भत्त्याचा पत्रात उल्लेख नव्हता, म्हणून तो मी हिशेबात धरला नाही. मागणी पत्राबाहेर गेली की संस्थेला सगळाच अर्ज बाजूला सारायला निमित्त मिळतं.

दर तपासताना एक काळजी घ्या. शासन निर्णय उशिरा निघतो आणि वाढ मागच्या तारखेपासून लागू होते. त्यामुळे एखाद्या महिन्यात जुना दर दिसला म्हणजे फसवणूक झाली असं नाही. थकबाकी नंतर मिळाली का, ते पाहावं.

मग कपाती. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. तो ठीक होता. (महिलांना महाराष्ट्रात २५००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही, कमी पगाराच्या मैत्रिणींनी हे जरूर पाहावं.) भविष्य निर्वाह निधीपोटी ३६०० कापले होते. माझं खातं आधीच्या नोकरीपासूनचं, आणि शाळा १५००० च्या मर्यादेवर वर्गणी भरत होती. ती तशी भरता येते. पण त्या मर्यादेवर माझा १२ टक्के हिस्सा होतो १८००. ऑनलाइन पासबुकात माझे १८००, शाळेचे ५५० आणि निवृत्तिवेतनाचे १२५० दिसले. बेरीज ३६००. म्हणजे शाळेचा हिस्साही माझ्याच पगारातून जात होता. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद ३१ प्रमाणे मालकाला आपला हिस्सा सभासदाच्या पगारातून कापता येत नाही. शिवाय ‘कल्याण निधी’ म्हणून ५०० जात होते. त्यासाठी माझी लेखी संमती कुणी घेतलीच नव्हती.

पत्राप्रमाणे माझ्या हाती ४४७२० यायला हवे होते, येत होते ३९७९२.

मी हा हिशेब एका पानावर मांडला. प्रत्येक रकमेपुढे नेमणूकपत्रातलं वाक्य किंवा शासन निर्णयाचा क्रमांक लिहिला आणि अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला, प्रत संस्थेच्या सचिवांना. दोन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. ‘तोंडी सांगा, मिटवून टाकू’ असं म्हटलं गेलं तरी पोच घ्याच. भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आधी सुटला, कारण पासबुकातल्या आकड्यांना उत्तर नसतं. भत्त्यांसाठी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला.

दार मात्र नीट निवडावं लागतं. शाळा न्यायाधिकरण बडतर्फी, पदावनती, ज्येष्ठता डावलणं अशा गोष्टींसाठी आहे. नुसत्या पगाराच्या फरकासाठी तिथे अपील होत नाही. कामगार न्यायालयात जायचं, असं बरेच सहकारी सुचवतात. पण शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा ‘कामगार’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्याच प्रकरणात ठरवलं होतं. शिक्षणाधिकाऱ्यांकडून काही झालं नाही, तर वकिलाच्या सल्ल्याने उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि दर महिन्याची बाकी त्या त्या महिन्यापासून मोजली जाते. म्हणून वर्षभर वाट पाहिली, की मागच्या टोकाचे बारा महिने हातातून जाऊ शकतात.