श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना

निगडी, प्राधिकरण

चि. मृणाल,


तू पाठवलेल्या वहीच्या पानाचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. उतारा तूच तयार केलेला दिसतो आणि त्यात इंद्रायणी घातलीस हे बरे केलेस. चाकणच्या मुलांनी ती पाहिलेली असते. तुझ्या वर्गातल्या पोरीने लिहिले आहे ते असे:

‘इंद्रायणि नदिला पुर आला. गावातिल लोकानी मुलाना शाळेत पाठवले नाही. गरिब शेतकऱ्यांची पीके पाण्याखालि गेली. गुरूजीनी सर्वाना धिर दिला आणी काम सुरु केले.’

तेवीस शब्दांत चौदा शब्द चुकले. ‘गुरूजीनी’मध्ये दोन चुका, म्हणजे एकूण पंधरा. चुकीला अर्धा गुण कापून तू दहापैकी अडीच दिलेस. हिशेब बरोबर आहे, पण त्या अडीच गुणांवरून उद्या वर्गात काय शिकवायचे हे तुला कळत नाही आणि तिलाही काही कळत नाही. माझे ऐक, लाल पेन खाली ठेव आणि आधी या पंधरा चुका कारणांनुसार वेगळ्या काढ.

पहिल्यांदा अनुस्वार बघ. लोकानी, मुलाना, गुरूजीनी, सर्वाना, अशी चार ठिकाणी टिंबे गळली. पण ‘इंद्रायणी’वर टिंब आहे आणि ‘शेतकऱ्यांची’वरही आहे. असे का? ‘शेतकऱ्यांची’ म्हणताना ‘ची’च्या आधी नाकातला आवाज स्वतंत्र ऐकू येतो. ‘मुलांना’मध्ये मात्र पुढे ‘ना’च असल्यामुळे तो आवाज त्या ‘न’मध्ये मिसळून जातो. म्हणजे पोरीचा कान चोख आहे, ऐकू आले तिथे तिने टिंब दिले. उरलेले टिंब कानाने सापडणारे नाही, ते व्याकरणाचे आहे: अनेकवचनी नामाला प्रत्यय लागला की त्याआधी अनुस्वार. गुरुजी एकटेच असले तरी आदरार्थी अनेकवचन म्हणून ‘गुरुजींनी’. तिला सांग, जिथे ‘ना’ किंवा ‘नी’ ऐकू येईल तिथे थांबायचे आणि स्वतःला विचारायचे, एक की अनेक?

दुसरा गट शेवटच्या अक्षराचा: इंद्रायणि, नदिला, पाण्याखालि, सुरु. शब्दाच्या शेवटी आपण इकार-उकार ऱ्हस्व बोलतो की दीर्घ, हे मराठी कानाला वेगळे ऐकूच येत नाही. ‘नाही’ आणि ‘गेली’ तिने बरोबर लिहिले, कारण ते शब्द हजारदा डोळ्यांखालून गेले आहेत. नवे शब्द आले की हात चाचपडतो. इथे नियम सोपा आहे, शेवटची वेलांटी दुसरी आणि शेवटचा उकार दुसरा. ‘नदीला’सारख्या शब्दात आधी ‘ला’ झाकायचा आणि मग उरलेल्या शब्दाचा शेवट बघायचा. ‘आणि’ मात्र अपवाद, तो पाठच करायचा. ‘सुरु’बद्दल तिला फार बोलू नकोस, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या दुकानांच्या पाट्यांवर ती तेच वाचत असणार.

तिसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुर, गावातिल, गरिब, धिर इथे हवे दीर्घ आणि तिने लिहिले ऱ्हस्व, तर ‘पीके’मध्ये हवे ऱ्हस्व आणि लिहिले दीर्घ. दिसायला उलटसुलट, पण नियम एकच. शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि शेवटी दुसरा दीर्घ स्वर आला की आधीचा ऱ्हस्व होतो. फळ्यावर जोड्या लिही: पीक-पिके, फूल-फुले, गरीब-गरिबी, वकील-वकिली. मुले आपोआप पुढच्या जोड्या सांगू लागतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत, गुण, मंदिर, मधुर, पूजा, भीती असेच राहतात. ‘धीर’ही त्यांतलाच, पण तो आधीच दीर्घ असल्याने इथे अडचण येत नाही. ही जोडी शिकवल्यावर आठवड्याभरात कुणीतरी ‘मंदीर’ आणि ‘गूण’ लिहील. ती चूक नियम लागू करून पाहिल्याची आहे, तिथे अधोरेखन कर, गुण कापू नकोस.

आता गुण दे. एका कारणाच्या चुकांना मिळून एकच गुण कापायचा: अनुस्वाराचा एक, शेवटच्या अक्षराचा एक, पीक-पिके गटाचा एक. ‘आणि’ आणि ‘गुरुजी’ हे पाठ करायचे शब्द, त्यांना अर्धा अर्धा. (‘गुरू’ एकटा असेल तर दीर्घ, ‘गुरुजी’ आणि ‘गुरुवार’मध्ये ऱ्हस्व.) दहातून चार गेले, सहा उरले. ही मेहेरबानी नाही. जो गट वर्गात शिकवून झाला, तो पुढच्या श्रुतलेखनात चुकला तर प्रत्येक चुकीला अर्धा गुण जाईल, हे मुलांना आधीच सांगून ठेव.

अक्षर लागले नाही तर काय, हे तू विचारले आहेस. ‘रु’ आणि ‘रू’ हाताने लिहिताना फरक असतो फक्त त्या छोट्या गाठीचा. त्याच पानावरचा त्याच मुलीचा दुसरा ‘रू’ शोध आणि ताडून बघ. टिंब सरकून शेजारच्या अक्षरावर गेले असेल, विशेषतः ‘सर्वांना’सारख्या शब्दात रफाराशेजारी दाटी झाल्यावर, तर ते दिले असे धर. मुळीच नसेल तर नाही.

तुझे वाचनही तपास. ‘मुलान्ना’ असे नाकावर जोर देऊन, किंवा ‘नदीऽ’ असे लांबवून वाचलेस तर मुले उत्तर तुझ्या तोंडावरून उचलतील आणि तू नसताना पुन्हा चुकतील. एकदा पूर्ण, मग तुकड्या-तुकड्याने, शेवटी पुन्हा पूर्ण, नेहमी बोलतो तसे वाच. आणि वाचताना ‘केलं’ म्हणशील तर ‘केलं’ लिहिणाऱ्याचे काही चुकले नाही. ‘केले’ हवे असेल तर ‘केले’च वाच.

दोन प्रकारच्या मुलांच्या वह्या वेगळ्या वाच. कारखान्यांमुळे उत्तरेकडून आलेल्या घरांतली मुले ‘शक्ति’, ‘कवि’ लिहितात. हिंदीत ते बरोबर आहे. खाली नुसते ‘मराठीत शक्ती’ असे लिही. आणि आजोबांकडून अभ्यास करून घेणारा एखादा ‘नांव’, ‘कांहीं’ लिहून आणेल. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार तेव्हा गेले. आजोबा त्याआधी शाळेत होते, त्यांना खोटे पाडू नकोस.

शंका आलीच तर यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ टेबलावर असू दे. माझी प्रत तुझ्या बाबांबरोबर पाठवते, पण त्यात पेन्सिलीने खुणा आहेत, त्या पुसू नकोस. पुढच्या खेपेला एकट्या मुलीचे पान नको, त्याच उताऱ्याची निदान पाच-सहा पाने पाठव. चाळीसपैकी तीस जणांनी ‘मुलाना’ लिहिले असेल तर तिथे गुण कापण्यात अर्थ नाही, तो धडा अजून झालेलाच नाही.

तुझी,
आत्या