हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी धावणारी मुलगी का दमते?

नववीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. घर शाकाहारी, आठवड्यातून पाच दिवस सराव. जूनमध्ये 3000 मीटरला साडेबारा मिनिटं लागायची, दिवाळीनंतर साडेतेरा. सराव तोच. पण जिना चढताना धाप लागते, पाय जड वाटतात, चौथ्या तासाला डुलकी येते आणि कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. (हे शेवटचं लक्षण मुली सांगत नाहीत, विचारावं लागतं.) रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 12.3. रिपोर्ट नॉर्मल, म्हणून सगळे म्हणतात, "आळस करतेय!"

इथे डॉक्टरांना फेरिटिनच्या तपासणीबद्दल विचारा. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं पीठ, तर फेरिटिन म्हणजे कोठीतलं धान्य. आधी कोठी रिकामी होते, डबा नंतर. या मुलीचं फेरिटिन 9 आलं. 15 च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला. मात्र ताप किंवा संसर्ग असताना हा आकडा फुगतो, म्हणून आजारपणात तपासू नये.

कोठी रिकामी का होते? पाळीत रक्त जातं, वाढीच्या वयात गरजही जास्त असते. लांब पल्ला धावताना पावलांच्या आघाताने काही रक्तपेशी फुटतात, घामातूनही थोडं लोह जातं. शिवाय कठीण सरावानंतर काही तास शरीर लोह कमीच शोषतं. त्यात शाकाहारातलं लोह मुळातच कमी शोषलं जातं.

म्हणून काय खाल्लं याइतकंच कशासोबत खाल्लं हेही बघा. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरा, राजगिरा, तीळ हे आपल्या घरातलेच पदार्थ. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं किंवा सोबत पेरू, आवळा दिला की तेच लोह जास्त लागू पडतं. मोड आणल्याने शोषणाला अडवणारं फायटेट कमी होतं. पालकाचं मात्र उगाच कौतुक होतं. त्यातलं लोह फारसं मिळत नाही. आणि खरा घोळ चहाचा! जेवणासोबतचा चहा लोह अडवतो, तो तास-दीड तास पुढे ढकला. सकाळच्या सरावानंतर लगेच चहा-बिस्किट देण्याऐवजी उसळ-भाकरी आणि पेरू द्या.

पण कोठी इतकी रिकामी असेल तर नुसत्या जेवणाने ती लवकर भरत नाही, गोळ्या लागतात. त्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच द्या. जास्त लोह घातक असतं. गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याने घाबरून त्या बंद करू नका. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासा. तोवर वेळ मोजा, पण वेग वाढवायचा आग्रह धरू नका.