गणपतीची चतुर्थी माध्यान्हीची का?

॥ श्री गणेशाय नमः ॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदा, म्हणजे २०२६ साली, गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आहे. पण पंचांग उघडलं तर त्या दिवशी सकाळी तृतीया दिसते, आणि सूर्योदयाची चतुर्थी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. मग घरात प्रश्न उठतो, 'उदयाची तिथी धरायची असते ना? मग गणपती मंगळवारी का नाही बसवायचे?' शंका योग्य आहे. तिचं उत्तर नीट समजून घेऊ.

रोजच्या व्यवहारात सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी, असं आपण धरतो. व्रत-उत्सवाला मात्र शास्त्र आधी विचारतं की मुख्य कर्म कोणत्या वेळी करायचं आहे. त्या वेळेला कर्मकाल म्हणतात, आणि तिथी त्या कर्मकाली असावी लागते. दत्तभक्तांना हे नवीन नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेचा दत्तजन्म आपण प्रदोषकाळी, दिवेलागणीला करतो. म्हणून तिथे संध्याकाळची पौर्णिमा बघतात. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी बघतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला पार्थिव गणेशाचं पूजन माध्यान्हकाळी सांगितलं आहे, म्हणून ही चतुर्थी 'मध्याह्नव्यापिनी' हवी.

आता माध्यान्ह म्हणजे फक्त बाराचा ठोका नव्हे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच समान भाग करतात. प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. यातला मधला, तिसरा भाग तो माध्यान्हकाळ.

यंदाचंच गणित करून बघा. मुंबईत १४ तारखेला सूर्योदय सुमारे ६.२६ ला आणि सूर्यास्त सुमारे ६.४२ ला. दिवस सव्वाबारा तासांचा, म्हणजे एक भाग साधारण २ तास २७ मिनिटांचा. पहिले दोन भाग सोडले की माध्यान्हकाळ येतो सुमारे ११.२० ते १.४७. चतुर्थी लागते सोमवारी सकाळी ७.०६ ला आणि संपते मंगळवारी सकाळी ७.४४ ला. म्हणजे सोमवारचा पूर्ण माध्यान्हकाळ चतुर्थीत आहे, आणि मंगळवारच्या माध्यान्ही पंचमी आहे. मंगळवारी पूजा केली तर सूर्योदयाची तिथी सापडते, पण पूजेच्या वेळी चतुर्थी नसते. म्हणून सोमवारच.

गंमत अशी, की हरितालिकाही यंदा त्याच सोमवारी आहे. तिला सूर्योदयाची तृतीया थोडी असली तरी चालते. आईचं व्रत उदयावरून आणि लेकाचं माध्यान्हावरून, म्हणून दोन्ही एकाच दिवशी आली. तृतीया ही गौरीची तिथी, म्हणून तिच्याशी जोडलेल्या चतुर्थीला 'मातृविद्धा' म्हणतात आणि गणेशपूजनाला ती प्रशस्त मानतात. सकाळी तृतीया होती म्हणून मनाला लावून घेण्याचं कारण नाही.

दोन दिवसांत निवड करायची झाली तर पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या 'धर्मसिंधु' ग्रंथात नियम आहेत. दोन्ही दिवशी पूर्ण माध्यान्ह चतुर्थी असेल, किंवा दोन्ही दिवशी मुळीच नसेल, तर पहिला दिवस. पहिल्या दिवशी माध्यान्ही मुळीच नाही किंवा थोडीशीच आहे, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण आहे, तर दुसरा.

अडचण येते ती दोन्ही दिवशी माध्यान्हाचा काही भागच मिळाला तर. २०२३ साली चतुर्थी १८ सप्टेंबरला दुपारी १२.३९ ला लागली आणि १९ ला दुपारी १.४३ ला संपली. मुंबईच्या माध्यान्हातला पहिल्या दिवशी तासाभराचा भाग मिळाला, दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळा. अशा वेळी काहींच्या मते पहिलाच दिवस, काहींच्या मते जिथे व्याप्ती जास्त तो दिवस. महाराष्ट्रात गणपती १९ ला बसले, कर्नाटकात सुट्टी १८ ला होती. चूक कोणाचीच नव्हती. अशा वर्षी आपल्या भागातल्या, आपल्या परंपरेच्या पंचांगाप्रमाणे जावं.

शेवटी एक सावधगिरी. पंचांगात तिथीपुढे छापलेली वेळ ही ती तिथी संपण्याची असते. 'तृतीया ७.०६' म्हणजे तृतीया ७.०६ ला संपली आणि चतुर्थी लागली. बरेच जण ती वेळ तिथी लागण्याची समजतात आणि सगळा हिशेब एका दिवसाने चुकतो. तेव्हा आधी तिथी कधी लागते-संपते ते बघावं, मग आपल्या गावच्या दिवसमानाचे पाच भाग करावेत, आणि तिसऱ्या भागात चतुर्थी कोणत्या दिवशी आहे ते पाहावं. त्या दिवशी, जमेल तर त्याच वेळात, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करावी.

॥ श्रीगुरुदेवदत्तार्पणमस्तु ॥